वरचा आकडा

पोलंडला कामाला गेलेल्या पीयूषचा सव्वीस दिवस फोन नव्हता. सेक्टर दोनच्या क्वार्टरात सिंधुताई रोज त्याच्या जुन्या मोबाइलवर चालू राहिलेलं पैशांचं वॉलेट उघडून पाहायच्या.

"दामिनी, आजही आकडा बदलला. तुझा भाऊ खर्च करून राहिला पाय!"

दामिनीने स्क्रीनवर खाली बोट ठेवलं. "आई, वरचा रुपयांतला फक्त अंदाज आहे वो. तिकडच्या पैशाचा भाव हालला का तो हालते. खरे पैसे खाली आहेत, युरो वेगळे, तिकडचे झ्लॉटी वेगळे. झ्लॉटी संपून खर्च केला तरच, त्या घडीला, युरोचे झ्लॉटी होतात."

सिंधुताईंनी खालचे आकडे वाचले. नव्वद झ्लॉटी. त्याचा शेवटचा फोन आला तेव्हाही नव्वदच होते.

"सव्वीस दिवसांत त्यानं दूधही नाही घेतलं?"

वरचा आकडा पुन्हा हालला.