उंच माणसाची फुफ्फुसं

आमच्या दवाखान्यातल्या श्वास मोजायच्या खोलीत ताई शिरली ती रडतच. मागून भाऊजी आले. छाती पुढे, हनुवटी वर, केसांचा कोंबडा ताठ उभा. आजारी माणूस असा दिसत नाही, पण बहीण रडत असताना हे बोलायची सोय नसते.

भाऊजी कारखान्यात गाड्यांचे बंपर रंगवतात. तिथे दरवर्षी आमचं श्वास तपासणीचं शिबिर भरतं. ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलेल्याला रंगाच्या खोलीतून काढून खोकी चिकटवायला बसवतात. यंदा भाऊजींचे पंचाहत्तर आले होते, आणि आज माझ्या हातून पुन्हा तपासणी होती.

"हे काही बोलत नाहीत गं, पण आतून खचलेत," ताई म्हणाली.

मी भाऊजींना नळीत तीनदा फुंकायला लावलं. तिन्ही वेळा जोर लावून फुंकलं, आणि श्वास शिबिरात भरला होता तेवढाच भरला. यंत्राने पुन्हा पंचाहत्तर टक्के दाखवले. ताईने पदर तोंडाला लावला. मग मी यंत्रात काय काय भरलंय ते पाहिलं. उंची, एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर.

"ही कोणी मोजली?"

"मोजायची कशाला? माझी उंची मला माहीत नाही?"

झालं! शिबिराच्या दिवशी आमचा सहकारी उंची मोजायची पट्टी गाडीतच विसरला होता आणि रांग वाढली म्हणून त्याने सगळ्यांना उंची नुसती विचारली होती. त्या दिवशी अख्ख्या कारखान्यात एकही बुटका नव्हता. आज मीही तोच आकडा उचलून भरला होता, त्यामुळे चिडायचं तरी कोणावर?

"भाऊजी, माणूस जेवढा उंच तेवढी फुफ्फुसं मोठी, असं धरून यंत्र हिशोब करतं. तुम्ही उंची वाढवली की ते जास्त श्वास मागतं. तुमच्याकडे तेवढा निघत नाही, मग टक्के घसरतात. बूट काढा."

"बूट कशाला? मी बूट घालूनच फिरतो."

"फुफ्फुसं बूट घालत नाहीत!"

ताईने रडं थांबवून त्यांच्याकडे असं पाहिलं की बूट निघाले. भाऊजी पट्टीला पाठ लावून उभे राहिले आणि लगेच टाचा उचलल्या. मी खांदे दाबून टाचा खाली आणल्या, नजर समोर करायला लावली, आणि वरची फळी केसांच्या कोंबड्यातून थेट डोक्याला टेकवली. कोंबडा सपाट झाला. एकशे सत्तर!

"पट्टी खराब आहे," भाऊजी म्हणाले.

"बुटांचे तीन," मी बोटांवर मोजू लागले. "केसांचे दोन. टाचांचे दीड. झाले एकशे साडेशहात्तर, म्हणजे पाच फूट साडेनऊ इंच. आणि साडेनऊ कोणी सांगतं का? सांगतात दहा, म्हणजे एकशे अठ्ठ्याहत्तर. साडेनऊचे नऊ करणारा माणूस मला अजून भेटायचाय."

भाऊजींनी दाराकडे पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझंही नको, माझंही नको. एकशे चौऱ्याहत्तर लाव."

त्यांना कळावं म्हणून मी लावून दाखवली. एकोणऐंशी टक्के.

"नापास! उतरवायची का अजून?"

त्यांच्या कपाळावर घाम आला. कागद कारखान्यात जाणार, तिथे सगळ्यांना एकशे सत्तर दिसणार. खोकी चिकटवणारा उंच माणूस की बंपर रंगवणारा बुटका, एवढाच प्रश्न होता, आणि मला वेड लागायची वेळ आली, कारण ते खरंच विचार करत होते!

"त्र्याहत्तरला किती होतात?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ताई उठली. चपला काढल्या, भाऊजींना हाताने बाजूला सारलं आणि स्वतः पट्टीला उभी राहिली. "मोज गं माझी."

मी फळी खाली आणली. "एकशे बहात्तर."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. लग्नाला वीस वर्षं झाली, पण पाठ सरळ केलेली ताई मीसुद्धा इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. त्यांना मान जराशी वर करावी लागत होती.

"तू... कधीपासून?"

"बघायला आलात ना, त्या दिवशी तुम्ही दारात टाचा उचलून उभे होतात," ताई म्हणाली. "तेव्हापासून वाकून चालते मी. बुटका नवरा चालेल मला. श्वास न घेणारा नको."

भाऊजी खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकशे सत्तर लिही."

यंत्राने त्र्याऐंशी टक्के दाखवले. श्वास तोच, माणूस तोच. मी कागद काढून दिला. भाऊजींनी बूट घातले, उठले आणि ताईच्या पाठीवर हात ठेवला.

"आता अशीच सरळ चाल," ते म्हणाले. "मी बघतो, कोण काय म्हणतं ते."