ऐंशीव्या अक्षरानंतर

प्रज्ञेशला मोठी खिडकी लागते. कुठल्याही पडद्यासमोर बसला की आधी टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, खिडकी कडेपर्यंत ताणणार, मग कामाला लागणार. याचा मला राग यायचा, पण माणूस हुशार, म्हणून गप्प बसायचे.

आंबीतल्या आमच्या गोंदाच्या कारखान्यात पाच टाक्या आहेत, प्रत्येकीत एक मिक्सर. त्या दिवशी नेटवर्क बंद होतं, म्हणून प्रज्ञेशने लॅपटॉप जुन्या सिरियल केबलने मिक्सर चालवणाऱ्या कंट्रोल मशीनला जोडला होता. चार नंबरच्या टाकीत गेणूभाऊ उतरले होते, पात्यांना चिकटलेला गोंद खरवडायला. एरवी आत कोणी असताना स्विचला कुलूप लागतं. चारचा स्विच मात्र जळालेला आणि मिक्सर तात्पुरता सरळ जोडलेला, म्हणजे कुलूप लावायला जागाच नाही. मी त्यावर दोनदा भांडले होते. नवा स्विच येतोय, असं उत्तर मिळालं होतं.

पाच नंबरमधला गोंद घट्ट होऊ लागला होता, तिथला मिक्सर फिरवणं भागच होतं. प्रज्ञेशने वरच्या बाणाची कळ दाबून गेल्या वेळची आज्ञा परत आणली. ती लांबलचक होती: सुरुवातीला मिक्सरचा नंबर, मग वेग, वेळ आणि कसले कसले आकडे, आणि शेवटी नोंदीच्या फाइलचं नाव, त्यातही तोच नंबर. गेल्या वेळी चार फिरवला होता. पडद्यावर एकच 'mixer-4' दिसत होतं, डावीकडे, आणि कर्सर त्याच्या पुढेच उभा. त्याने चार खोडून पाच केलं.

आमच्याकडे एंटर मारायच्या आधी नंबर वॉकीटॉकीवर वाचून दाखवायची पद्धत आहे. टाकीजवळच्या माणसाने होकार दिल्याशिवाय कोणी बोट हलवत नाही. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

"गेणूभाऊ, मिक्सर पाच चालू करतोय. मिक्सर पाच."

"व्हय, करा," टाकीतून घुमल्यासारखा आवाज आला. "मी चारमधी हाय."

प्रज्ञेशने एंटर मारलं. मिक्सर फिरण्याआधी त्याच्या टाकीवरचा भोंगा वाजतो. तो वाजू लागला. माझी नजर सहज पडद्यावर गेली. एवढी रुंद खिडकी, आणि तिचा उजवा अर्धा भाग कोरा. आज्ञा तर मधल्या मधेच संपल्यासारखी दिसत होती. एवढी लांब आज्ञा अर्ध्या खिडकीत मावली कशी?

"भोंगा लयच जवळ वाजतोय," गेणूभाऊ म्हणाले. घाबरलेले नव्हते. चार आणि पाच शेजारीशेजारीच आहेत.

मी प्रज्ञेशच्या हातावरून हात घालून कंट्रोल आणि सी दाबलं, म्हणजे आज्ञा रद्द. भोंगा थांबला.

"अहो मॅडम, पाचच आहे, बघा ना," तो चिडून म्हणाला.

मी मशीनला तिच्या पडद्याचं माप विचारलं. उत्तर आलं: 24 80. चोवीस ओळी, ऐंशी अक्षरं. समोरची खिडकी त्याच्या दुप्पट रुंद होती. नेटवर्कवरून जोडलेलं असतं तर खिडकी ताणताच नवं माप पलीकडे गेलं असतं, मशीनने ते लिहून ठेवून चालू प्रोग्रॅमला इशारा दिला असता आणि प्रोग्रॅमने नवं माप विचारून घेतलं असतं. सिरियल केबलमधून फक्त अक्षरं जातात. खिडकी ताणल्याचं मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ऐंशी अक्षरं झाल्यावर मशीनने, आता पुढची ओळ लागली या समजुतीने, कर्सर डाव्या कडेला नेला. रुंद खिडकीत ती तीच ओळ होती. आज्ञेचं शेपूट आज्ञेच्या डोक्यावर लिहिलं गेलं. प्रज्ञेशने बदललेला आकडा नोंदीच्या फाइलचा होता. मिक्सरचा नंबर त्याच्याखाली झाकलेला, जसाच्या तसा.

मी खिडकीचं खरं माप मशीनला हाताने सांगितलं आणि बाण दाबला. प्रज्ञेशने मारलेली आज्ञा आता सरळ, पूर्ण उमटली. सुरुवातीला mixer-4. शेवटी mixer-5.

प्रज्ञेशने ती वाचली. मग पुन्हा वाचली. त्याने कळफलकावरून हात काढून घेतले.

"बाहेर या, भाऊ," मी वॉकीटॉकीत म्हणाले.

"आजून अर्धं ऱ्हायलंय की."

"असू दे. आत्ता बाहेर या."

शिडीवर बुटांचे आवाज ऐकू आले. खूप हळू वाटले मला ते. गेणूभाऊ दारात आले तेव्हा कोपरापर्यंत गोंद माखलेला होता. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?"

प्रज्ञेश अजून पडद्याकडेच बघत होता. मीच सांगितलं. गेणूभाऊंनी पडद्याकडे बघितलंही नाही. खाली बसले आणि भिंतीला पाठ टेकली.

"भोंगा वाजला तवा उठून शिडीकडं निघालतो मी," ते प्रज्ञेशला म्हणाले. "मग म्हनलं, पोरानं नंबर वाचून दावलाय. आन् परत खाली बसलो."