कंठा काढून ठेव

आबांचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं, तेव्हा दीपमालाने मोबाइलवर स्वयंपाकघराच्या दारातून टिपलेली आबांच्या गाण्याची जुनी ध्वनिफीत पुन्हा काढली. आबा म्हणजे तिचे आजोबा जीवराम. रावेरच्या घरी, पुढच्या खोलीतल्या खाटेवर त्यांची शेवटची दोन वर्षं गेली. माणसं ओळखता येत नव्हती, पण एक गाणं येत होतं. ते कोणत्या नाटकातलं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तरुणपणी जळगावला आलेल्या एका नाटक कंपनीत ते दोन हंगाम पडदा ओढायला होते, एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं. श्राद्धाच्या दिवशी ते पद कुणाकडून तरी पूर्ण म्हणवून घ्यावं, असं तिच्या मनात होतं.

ती जळगावला कोर्टात लिपिक होती. लिहून घेण्याची सवय होती, म्हणून तिने ऐकू आलं तसं लिहिलं: 'मोल न कोमज मान हवा, दासन कोई मान हवा.' पुढे आबांचा आवाज खाली उतरायचा आणि 'वाट सखे' एवढंच ऐकू यायचं. इंटरनेटवर शोधून काही मिळालं नाही. ओळखीच्या एका तबलावाल्याने धुळ्याच्या अभिमन नानांचं नाव सांगितलं. नाना निवृत्त ग्रंथपाल. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं त्यांच्याकडे कपाटं भरून होती.

जाण्याआधी तिने ध्वनिफितीची सुरुवात कापून टाकली. त्या सुरुवातीला आबा एक वाक्य बोलले होते: 'कंठा काढून ठेव, मगच आत पाऊल टाक.' त्या वाक्यावरून घरात जे झालं होतं, ते धुळ्यातल्या परक्या माणसाच्या कानावर जावं असं तिला वाटत नव्हतं.

झालं होतं ते असं. आजी गेल्यावर काही महिन्यांनी आबा ते वाक्य म्हणू लागले. दर वेळी दारात चहा घेऊन रूपा उभी असायची. रूपा म्हणजे दीपमालाच्या धाकट्या भावाची, प्रेमराजची बायको. आजीचा सोन्याचा कंठा होता आणि तो रूपाने उचलला, म्हाताऱ्याने ते पाहिलंय म्हणून तो बोलतो, असं आधी आईने, मग दीपमालाने धरलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण किल्ल्या आईच्या कमरेला गेल्या, आणि रूपा माहेरी निघाली की तिच्या पिशवीकडे नजर जायची. एकदा रूपा केळीच्या मळ्यात गेलेली असताना दीपमालाने तिची पेटीही उघडून पाहिली होती. काही सापडलं नाही. म्हणजे माहेरी पोचला असणार, असं त्या दोघींनी ठरवलं.

धुळ्याला नानांनी ध्वनिफीत चार वेळा ऐकली. मग एक पुस्तक काढून अहिराणी वळणात म्हणाले, "चाल ही शे. राग तिलंग, त्रिताल."

दीपमालाने पान पाहिलं. शब्द वेगळेच होते. एवढ्या पटकन पुस्तक निघालं तेव्हाच तिला खटकलं होतं. हा माणूस काहीतरी गळ्यात मारून मोकळा होणार, असं तिला वाटलं. ती तसं बोलली नाही, पण नानांना ते कळलं असावं. त्यांनी समजावून सांगितलं की त्या काळी एकाच चालीवर पाच नाटककार पदं बांधत. छापील पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कोणत्या जुन्या गाण्याची चाल, हे दिलेलं असतं. त्यामुळे चाल जुळली म्हणजे पद सापडलं असं नाही.

मग त्यांनी तिचा कागद घेतला. आबा सूर ओढताना शब्द मध्येच तोडत होते आणि तिने तुटले तिथेच ते लिहिले होते. नानांनी अक्षरं तीच ठेवून जागा बदलल्या: 'मोल नको मज, मान हवा. दास नको, ईमान हवा.'

"हा अंतरा झाला," ते म्हणाले. "पुस्तकामागची सूची ध्रुवपदाच्या पहिल्या शब्दावर लावतात. तुमच्या आजोबांनी ध्रुवपदाचं फक्त शेपूट ठेवलंय, 'वाट सखे'. सखे म्हणजे समोर बाई शे. गाणारं पात्र कोण, प्रसंग कोणता, हे कळलं तर नाटकं कमी होतील. गाण्याआधी ते काही बोलायचे का?"

"नाही," दीपमाला म्हणाली.

नानांनी मोबाइल तिच्याकडे सरकवला. "सुरुवातीला कपबशीचा आवाज अर्ध्यात तुटलाय. काहीतरी कापलंय तुम्ही."

याला काय करायचंय, असं तिच्या मनात आलं. तिने कारण विचारलं. नाना म्हणाले की पडद्यामागच्या माणसांना पद एकटं आठवत नाही. पेटीवाल्याने सूर कधी धरायचा हे पदाआधीच्या शेवटच्या वाक्यावर ठरलेलं असतं, आणि विंगेत रोज ऐकून ते वाक्य पदाला चिकटून बसतं. तसं वाक्य मिळालं तर संवादांतून शोधता येतं.

दीपमालाने तिचा कागद परत पुढ्यात ओढला. मग तिने ते वाक्य सांगितलं. घरातलं काही सांगितलं नाही.

नानांनी मागच्या कपाटातून सहा पुस्तकं काढली. दारावर एक बाई दुसरीला अडवते, असा प्रवेश असलेली नाटकं. चौथ्या पुस्तकाचं नाव होतं 'प्रतिहारिणी'. राज्य गेलेली राणी नाव बदलून देवळाच्या दारावर पहारेकरीण म्हणून राहते. राज्य बळकावणाऱ्याची बायको राणीचाच कंठा गळ्यात घालून दर्शनाला येते. तिसरा अंक, दुसरा प्रवेश. नानांनी बोट ठेवलं आणि ती वाचू लागली.

'प्रतिहारिणी: कंठा काढून ठेव, मगच आत पाऊल टाक.'

त्याखाली पद. राग तिलंग, ताल त्रिताल, आणि चाल म्हणून नानांनी आधी दाखवलेल्याच पदाचे पहिले शब्द.

'ही न तुझी गे वाट सखे, सोड वृथा हा थाट सखे.' मग अंतरा, अक्षरन् अक्षर.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. नानांनी पाणी आणून दिलं. तिने पानांचे फोटो घेतले. बस स्टँडवर येऊन तिने आईला फोन केला आणि एकच विचारलं, आजीचा कंठा तू डोळ्यांनी कधी पाहिला होतास का. आई म्हणाली, मी नाही, पण प्रेमराजने पाहिला असेल. प्रेमराजला विचारलं, तर तो म्हणाला, आईच सांगायची. आजीच्या लग्नाच्या फोटोतही गळ्यात काळ्या मण्यांची पोतच होती, हे दीपमालाला तेव्हा आठवलं.

रविवारी ती रावेरला गेली. रूपा मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. दीपमालाने मोबाइल पुढे केला. रूपाने हात पुसले, दोन्ही पानं सावकाश वाचली आणि मोबाइल परत दिला.

"माझी पेटी तुम्ही उघडली होती, ताई," ती म्हणाली. "साड्यांच्या घड्या उलट्या लागल्या होत्या."

दीपमालाने हो म्हटलं. चुकलं, असंही म्हटलं. रूपाने पुढचा टॉवेल झटकून दोरीवर टाकला. आईंना तुम्हीच वाचून दाखवा, मी दाखवणार नाही, एवढं ती म्हणाली.

आत आईने सगळं ऐकून घेतलं. नाटकाचं नाव दोनदा विचारलं. ते पुस्तक धुळ्याच्या माणसाने आता छापून घेतलेलं नाही ना, असंही विचारलं. मग म्हणाली, "असंल नाटकातलं. पण आबा तिच्याकडेच बघून का म्हणायचे? माझ्याकडे बघून कधी म्हणाले नाहीत."

शेवटच्या दोन वर्षांत आबांच्या दारात कोण कोण उभं राहिलं, ते दीपमाला आठवू लागली. ती स्वतः महिन्यातून एकदा यायची आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायची. प्रेमराज मळ्यात असायचा.

"तू त्या दारात कधी गेलीस, आई?" तिने विचारलं. "तिथे दिवसातून तीनदा तीच जायची."

आईने कमरेच्या किल्ल्या चाचपल्या, पण काढल्या नाहीत.