जिन्याने चढणारा लिफ्टवाला

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसच रोज जिन्याने चढू लागला, तर लोकांनी काय समजायचं? लोकांनी जे समजायचं तेच समजलं. पहिल्या आठवड्यात एका इमारतीतल्या आजीबाईंनी लिफ्ट सोडली. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं बघून अख्ख्या मजल्याने सोडली. महिना संपेपर्यंत तीन इमारतींमधल्या धडधाकट, तेलपाणी केलेल्या लिफ्ट रिकाम्या उभ्या होत्या आणि लोक भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात धापा टाकत होते. "त्या खिळ्याला विचारा," ते एकमेकांना सांगत. "आतली गोष्ट त्यालाच ठाऊक. उगाच कोणी जिने चढत नाही."

खिळ्या म्हणजे आपला लिफ्टवाला. अंगाने खिळ्यासारखा सरळसोट, त्यात खिशात कायम चार-दोन स्क्रू खुळखुळत. आतली गोष्ट खरंच त्याला ठाऊक होती, पण तिचा लिफ्टशी काही संबंध नव्हता.

कंपनीच्या मॅनेजरबाईंनी त्याला शनिवारी समोर बसवलं. बाई मनाने चांगल्या, फक्त बोलताना समोरच्याला श्वास घेऊ देत नसत.

"हे बघा, तुमचा जोडीदार गेला, मला कळतं. रडा, रजा घ्या, माझ्यावर ओरडा, सगळं चालेल. पण लिफ्ट कंपनीचा माणूस जिन्याने जातो, हे चालणार नाही. सोमवारपासून लिफ्टने चढायचं, नाहीतर गोदामात बसून सुटे भाग मोजायचे. आणि ती त्यांची हत्यारांची पिशवी अजून तुमच्याच खांद्यावर का? घरी पोचवा ती."

गोदाम! बावीस वर्षं शहरभर हिंडलेल्या माणसाला गोदाम म्हणजे मांजराला डब्यात कोंडण्यासारखंच. पण खिळ्याची झोप उडाली ती गोदामाने नव्हे, पिशवीने. पिशवी पोचवायची म्हणजे जोडीदाराच्या बायकोच्या, वहिनींच्या दारात उभं राहायचं. गेला सव्वा महिना तो त्या गल्लीतूनसुद्धा गेला नव्हता. वहिनींचे सात फोन त्याने नुसते वाजू दिले होते.

झालं होतं ते असं. खिळ्या आणि ढोल्या ही जोडी बावीस वर्षांची. ढोल्या नावासारखाच गोल, हसला की आधी पोट हसायचं आणि मग तोंड. लिफ्ट बंद पडली की दोघांपैकी एकाला जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जावं लागे, आणि दुसरा खाली दाराशी थांबे. कोणी चढायचं ते ठरे दगड-कागद-कात्रीवर. हरेल तो चढेल. साहेबांसमोरही ते खेळत आणि एकदा तर एका वकीलबाईंना पंच नेमलं होतं.

शेवटच्या सहा महिन्यांत खिळ्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. ढोल्या दर वेळी दगडच काढतो. सकाळी दगड, दुपारी दगड. माणूस एवढा सरळ कसा असू शकतो याचं खिळ्याला हसू येई. त्याने आपला रोज दगडाला हरवणारा कागद काढला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

त्या मंगळवारी अकरा मजली इमारत होती. खिळ्याचा गुडघाही दुखत नव्हता, फक्त हातातला चहा अर्धा उरला होता. ढोल्याने दगड काढला, याने कागद. ढोल्या "तुझं नशीब लेका!" म्हणत पिशवी उचलून जिन्याला लागला. वर पोचल्यावर त्याने फोन केला.

"पोचलो रे. थांब, जरा दम खातो."

"खा, पण सगळा खाऊ नकोस. मला ठेव थोडा."

ढोल्या हसला. मग फोन बंद झाला. खिळ्याने चहा संपवला, शीळ घातली, चार मिनिटं वाट बघितली, शिव्या घातल्या आणि पाचव्या मिनिटाला चढायला लागला. वर ढोल्या मशीनला टेकून बसला होता. छातीवर दाब देऊन देऊन खिळ्याचे हात भरून आले, डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. हृदयाची मोठी रक्तवाहिनी आधीपासूनच तुंबलेली होती, कुठेही झालं असतं, झोपेतसुद्धा, असं त्यांनी नंतर समजावून सांगितलं. खिळ्याच्या डोक्याला ते पटलं. पण डोक्यातून ते खाली उतरेना.

तेव्हापासून त्याच्या आत एक हिशेबनीस बसला होता. मजले अकरा, मजल्याला अठरा पायऱ्या, एकशे अठ्ठ्याण्णव. आपण चढलो असतो तर ढोल्या खाली बसला असता, तिथे दुखलं असतं तर रस्त्यावर माणसं होती, समोर दवाखाना होता. आपण कात्री काढली असती तर. चहा लहान कप घेतला असता तर. मंगळवारी खिळ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण आता त्याला वाटे, सगळं कळायला हवं होतं. तो 'दम खातो' हे शब्द मनात शंभरदा ऐके आणि शंभराव्यांदा त्यात त्याला स्पष्ट मरण ऐकू येई.

बाकी डोकं मात्र पार रिकामं. टपरीवर तो दोन चहा सांगे आणि दोन्ही गार होऊ देई. एखाद्या गिऱ्हाइकाचा किस्सा ऐकला की बोटं आपोआप ढोल्याचा नंबर लावत. एकदा बायकोच्या कशावर तरी तो खो-खो हसला आणि लगेच चोरी पकडल्यासारखा गप्प झाला. बायको म्हणाली, "अहो, हसल्याबद्दल दंड नाहीये." त्याच्या मते होता. म्हणून तर जिने. रोज एकशे अठ्ठ्याण्णव तरी पायऱ्या, ढोल्याची पिशवी खांद्यावर घेऊन. गुडघा सुजला की त्याला जरा बरं वाटे, आणि मध्येच ढोल्याचा असा राग येई की पायरीवर लाथ मारावी. 'गेलास तो गेलास, मला का इथे ठेवलंस गाढवा?'

रविवारी सकाळी तो वहिनींकडे गेला. चार मजली जुनी इमारत, वहिनींचं घर चौथ्यावर, लिफ्ट खिळ्या-ढोल्याच्याच देखभालीतली. तो अर्थातच जिन्याने चढला.

वहिनींनी दार उघडलं. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या घामाकडे बघितलं. "भावजी, लिफ्ट बंद आहे?"

"नाही."

"मग?"

उत्तर द्यायला बसलं पाहिजे होतं. पिशवी टेबलावर ठेवून तो खुर्चीच्या टोकावर बसला. चहाला नको म्हणाला. आता या आपल्याला हाकलून देणार, आणि द्यायलाच हवं, अशी त्याची पक्की खात्री होती. मान खाली घालून त्याने सगळं ओकून टाकलं. दगड, कागद, सहा महिन्यांची लबाडी, अर्धा कप चहा, चार मिनिटं, शीळसुद्धा. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाला, "वहिनी, मीच त्याला वर पाठवला. त्याच्या जागी मी असायला हवा होतो."

त्याने वर बघितलं. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या ओठांचं एक टोक थरथरत होतं. ते रडू आहे की हसू, हे त्याला समजेना.

"तुम्हाला वाटतं, तुम्ही त्यांना फसवत होतात?"

"हो."

"भावजी, ते मुद्दाम दगड काढत होते."

"मुद्दाम?" खिळ्याने विचारलं.

"सहा महिन्यांपूर्वी तपासणी झाली. साखर वाढलेली, वजन तर दिसतच होतं. मला म्हणाले, खिळ्याला सांगू नकोस, तो मला एक पाना उचलू देणार नाही. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर रोज चाला." वहिनींनी टेबलावरची पिशवी जवळ ओढली. "सपाट रस्त्यावर म्हणाले होते. जिने ही माझी भर. मीच पाठी लागले, कामावर आयते जिने आहेत तर चढत जा. रोज संध्याकाळी मी विचारायचे, किती मजले झाले? ते सांगायचे, काळजी करू नकोस, खिळ्याचा कागद ठरलेला असतो. तेव्हा भावजी, अपराध्यांची रांग असेल तर तुम्ही मागे उभे राहा. पुढे मी आहे."

खिळ्या ताडकन उठला. "काहीतरीच काय वहिनी! तुम्हाला तो जगायला हवा होता म्हणून सांगितलंत!"

"आणि तुम्हाला?"

"मला चहा संपवायचा होता."

"चहा संपवायचा होता, त्यांना संपवायचं नव्हतं."

"पण ती चार मिनिटं?"

"तुमच्या गुडघ्याने अकरा मजले चढायला किती लागतात?"

"नऊ. दहा."

"मग चार मिनिटं आधी निघाला असतात तर वाचले असते?"

त्याने बोटांवर मिनिटं मोजून बघितली. "माहीत नाही."

"मलाही नाही. असते, किंवा नसते. मी रोज विचारते स्वतःला, आणि रोज उत्तर नाही. तुम्हाला सात फोन केले ते याच्यासाठीच, की वर पोचताना ते माझ्यावर चिडले होते का, विचारायचं होतं."

"चिडला होता? हसला तो, वहिनी. शेवटी हसला."

आणि मग त्याने तो दम खाण्याचा विनोद सांगितला, जो त्याने सव्वा महिना कोणालाही सांगितला नव्हता. वहिनींनी तोंडावर पदर धरला. हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. खिळ्याचंही तसंच झालं. मध्येच त्याला संताप आला. "सहा महिने मला जिंकू दिलं! मला वाटत होतं, मी हुशार आहे!" यावर वहिनी इतक्या हसल्या की शेवटी चहा त्यालाच करावा लागला.

चहा पिताना त्याला मनातली एक गोष्ट नीट दिसली. दोष आपला असेल तर ढोल्याच्या जाण्याला निदान कारण तरी होतं. दोष कोणाचाच नसेल, तर तो नुसताच गेला, मंगळवारी, उगीच. ते जास्त जड होतं. पण निदान ते उचलायला आता दोघं होते.

पेले विसळता विसळता वहिनी म्हणाल्या, "खाली यायचंय मला, दूध संपलं. पण सव्वा महिन्यात मी एक पायरी उतरलेले नाही. एक मजला असला तरी लिफ्टच. जिना बघितला की किती मजले झाले, हेच ऐकू येतं."

"आणि मी लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही."

दोघं जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला लिफ्टचं हाताने उघडायचं लोखंडी दार.

"खेळू या," वहिनी म्हणाल्या. "हरेल तो आधी आपल्या भीतीत शिरेल."

एक, दोन, तीन. दोघांचाही दगड. पुन्हा दगड. तिसऱ्यांदा दगड. चौथ्यांदाही दगड निघाला तेव्हा शेजारच्यांनी दार उघडून बघितलं, की सव्वा महिना सुन्न असलेल्या या घरातून एवढं खिदळतंय तरी कोण.

"दोघंही हरलो. चला, एकदमच निघू. बघू, खाली कोण आधी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

खिळ्या लिफ्टमध्ये शिरला. दार ओढलं, बटण दाबलं. वरचं मशीन गुणगुणत फिरू लागलं, तेच मशीन ज्याचं बेअरिंग गेल्या वर्षी ढोल्याने शिव्या घालत बदललं होतं. ते एकदम नीट फिरत होतं. चार मजले तो एकटा उभा राहून मोकळेपणाने रडला, आणि तळमजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा त्याने बाहीने तोंड पुसलं. दाराच्या छोट्या काचेतून त्याने बाहेर बघितलं. जिना अजून रिकामा होता. वरून वहिनींची पावलं ऐकू येत होती. आधी सावकाश आणि थांबत थांबत, मग जरा भरभर.

त्याने दार ढकललं नाही. आत तसाच उभा राहिला. शेवटच्या पायरीवरून वहिनी उतरल्या, इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही असं पाहून लहान मुलीसारखा हात उंचावला, आणि तेव्हा तो दार उघडून बाहेर आला.

"हरलात, भावजी!" त्या धापा टाकत म्हणाल्या.

"हरलो," खिळ्या म्हणाला. मुद्दाम, हे त्याने सांगितलं नाही.