कवडीचा कडता

सुंदररावांच्या रानात कापसाचा वेचा सुरू झाला की सिरसाळ्याच्या बायांना दुसरं काही सुचत नसे. दिवाळी होऊन गेलेली असायची, घरातल्या कणगीचा तळ दिसू लागलेला असायचा, आणि काळ्या रानात बोंडं फुटून पांढरीशुभ्र उभी असायची. दहा शेर वेचला की एक आणा, असा भाव. हात चालवणाऱ्या बाईला तो बरा वाटे, पण त्या भावाला एक शेपूट होतं आणि ते शेपूट फार लांब होतं.

शेपूट म्हणजे कवडीचा कडता, कवडीपायी मजुरीत होणारी कपात. किडीनं खाल्लेलं, अर्धवट फुटलेलं बोंड असतं ना, त्याच्यातला कापूस पिवळा पडून सरकीला चिकटून बसतो, त्याला कवडी म्हणतात. ती पांढऱ्या कापसात मिसळायची नाही. संध्याकाळी गाठोडं बांधावर सोडायचं, काटावाल्यानं त्यात कोपरापर्यंत हात घालून पोटातला कापूस बाहेर काढायचा आणि कवडी निघाली तर ती वेगळी तोलायची. एक शेर कवडी निघाली तर दोन शेरांची मजुरी कापायची. एक शेर बाद मालाचा, आणि दुसरा चांगला माल नासवला म्हणून. बरं, बाद झालेला माल वेचणारीला घरी नेता येत नसे. तो मालकाच्या घरी जाई आणि पुढं गाद्यांत भरला जाई. ज्याची मजुरी द्यायची नाही तो कापूस ठेवून मात्र घ्यायचा, हा कुठला न्याय, असं बायांना वाटे. पण हे विचारायला तोंड लागतं, आणि त्यांचं तोंड भाकरीच्या आशेनं बंद असे.

बायनाबाई या सगळ्यांत जुनी. नवरा वारल्यापासून तिनं एक वेचा चुकवला नव्हता. यंदा तिची लेक गीता तिच्या सोबतीला होती, बाळंतपणाला आलेली. पहिलीच खेप, मुलगी झालेली. कापसाच्या ढिगाजवळ बाभळीला झोळी बांधायची, तिच्यात पोरीला निजवायचं, आणि गीतानं माय वेचून आणेल तशी ओटी गाठोड्यात रिचवायची, मध्येच उठून स्वतः दोन तासं, म्हणजे कापसाच्या दोन ओळी, वेचायची. हिशोब एकाच गाठोड्याचा, बायनाच्या नावाचा.

या वेच्याच्या मजुरीतून बायनाला एक लुगडं घ्यायचं होतं. स्वतःसाठी नव्हे, गीतासाठी. पहिल्या बाळंतपणाची लेक सासरी परत पाठवायची तर नवं लुगडं-चोळी आणि बाळाला कुंची-टोपडं, एवढं तरी लागतंच. गीताच्या सासरहून, युसूफ वडगावहून, विहिणीनं धुळाजी तेल्याच्या तोंडी निरोप धाडला होता की संक्रांतीच्या आत लुगडं नेसून पोरगी दारात आली पाहिजे, नाहीतर आमच्या लेकाला दुसरी बायको करायला आम्ही मोकळे. धुळाजी बिचारा चांगला माणूस, पण निरोप त्यानं जसा होता तसाच सांगितला, एक शब्द कमी केला नाही.

गीता तेव्हापासून गप्प झाली होती. एकदा चुलीपुढं ती म्हणाली होती की मला जायचंच न्हाई. बायनानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. बाळंतपणात न्हाऊ घालताना तिनं लेकीच्या पाठीवरचे डाग पाहिले होते, उलथन्याच्या रुंदीचे. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. सासर म्हटलं की थोडंफार सोसावंच लागतं, असं ती म्हणाली होती, आणि पाठ जरा जास्तच जोरानं चोळली होती. आपल्या पाठीवर कोणी असे डाग पाहिले असते तर आपण काय ऐकून घेतलं असतं, हे तिच्या मनात आलं होतं. तो विचार तिनं पाण्याबरोबर मोरीत सोडून दिला.

पहिल्यांदा कवडी निघाली ती मूठभर. काटावाला खाजामियाँ, पन्नाशीचा, मऊ स्वभावाचा माणूस. बायनाचं गाठोडं तो नुसतं वरवर चाचपून काट्यावर टाकत असे, इतकी तिची पत. त्या दिवशी मात्र सुंदरराव स्वतः बांधावर उभे होते. परळीच्या जीनवाल्यानं, सरकी काढायच्या गिरणीच्या मालकानं, त्यांची एक गाडी कवडी निघाली म्हणून परत पाठवली होती आणि भाड्याचे पैसे अंगावर पडले होते. म्हणून खाजामियाँला हात आत घालावा लागला. मूठ बाहेर आली तेव्हा तिच्यात पिवळं होतं.

बायनाला स्वतःचीच लाज वाटली. डोळे कमी झाले असणार, असं तिनं मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी तिनं एकेक बोंड उन्हाला धरून पाहिलं. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटली, वेचा निम्म्यानं घटला, पण तिच्या ओटीत कवडी नव्हती, हे ती देवाच्या पायावर हात ठेवून सांगू शकत होती. तरी संध्याकाळी गाठोड्यातून अर्धा शेर कवडी निघाली. सुंदररावांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा निघाली तर त्या बाईला वेच्यातून काढायचं, असा त्यांचा नियम होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर बायना ओटी भरून बाभळीकडे निघाली. पोर झोळीत झोपली होती. गीता ढिगाच्या पलीकडे पाठमोरी बसली होती, आणि तिच्या मांडीवर पदरात काहीतरी बांधलेलं होतं. ते सोडून ती गाठोड्याच्या मधोमध दाबत होती. घाईनं नाही, चोरटेपणानं नाही. वाण्यानं पुडी बांधावी तितक्या सवयीनं.

बायना तिथंच उभी राहिली. तिला सगळं कळलं आणि कळूनही हाक मारता येईना. हाक मारली असती तर शेजारच्या तासातल्या बायांनी माना वळवल्या असत्या. तेवढ्यात बांधावरून खाजामियाँनं आवाज दिला, गाठोडी आणा म्हणून. आता गाठोडं उपसून कवडी निवडायला वेळ नव्हता. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. जाताना एवढंच मनात म्हटलं की आज मालक नसले तर बरं.

मालक होते.

सहा शेर निघाली. म्हणजे बारा शेरांचा कडता. खाजामियाँ कवडीचा ढीग पाहत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बायनाबाई, हे तुमच्या हाताचं न्हाई. मला माहीत हाय."

सुंदररावांनी ते ऐकलं. ते काही राक्षस नव्हते. त्यांनी विचारलं, "मग कुणाच्या हाताचं हाय? सांग, तिला काढतो. तुला ठेवतो."

बायनानं मागं पाहिलं नाही. मागं गीता पोर कडेवर घेऊन उभी होती, हे तिला न पाहताही दिसत होतं. लेकीचं नाव घेतलं तर वेचा हातात राहत होता, लुगडंही येत होतं. पण गावभर झालं असतं की बाळंतीण पोरगी मालकाचा माल नासवते. ती गोष्ट युसूफ वडगावला धुळाजीच्याही आधी पोचली असती.

"माझ्याच हाताचं, मालक," ती म्हणाली. "डोळे गेले."

तिला त्याच संध्याकाळी मोकळं केलं. झालेल्या दिवसांची मजुरी कडता वजा करून हातावर ठेवली. तेवढ्यात चोळीचा खणसुद्धा आला नसता.

दोघी वाटेतल्या नाल्याशी पोचल्या. मग बायना म्हणाली, "कावून केलंस?"

गीता म्हणाली, "लुगडं न्हाई आलं तर जावं लागणार न्हाई. ते दुसरी करतील. मी तुझ्याजवळ ऱ्हाईन, वेचीन, खुरपीन. माय, मी तुला सांगत होते तर तू ऐकत नव्हतीस."

बायनाला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ती चालत राहिली. कारण पोरीला जे कळलं नव्हतं ते तिला कळलं होतं: लुगडं ज्यातून यायचं होतं, भाकरीही त्यातूनच यायची होती.

आणि झालंही तसंच. सिरसाळ्यात कापूस ज्यांचा होता ते सगळे सुंदररावांचे भाऊबंद, नाहीतर त्यांच्याच गाडीनं माल परळीला धाडणारे. बायनाच्या गाठोड्यात तीनदा कवडी निघाली, ही गोष्ट ती दारात पोचायच्या आधी तिथं पोचलेली असे. एक जण म्हणाला, पुढच्या साली बघू. एकीनं गीताला एकटीला घ्यायची तयारी दाखवली, पण पोर घरी ठेवून ये म्हणाली, आणि पोर तर अंगावर पिणारी. कणगीतली ज्वारी खरवडून संपली. गीताचं दूध आटलं. झोळीतली मुलगी आधी रडली आणि मग रडायचीही कमी झाली. ते रडणं कमी झालं तेव्हा गीता एक दिवस सकाळी उठली, जुन्याच लुगड्याचा फाटका पदर आत खोचला आणि म्हणाली, "चल माय, सोडून ये मला."

बायनानं नको म्हटलं नाही. तिला त्याची पुढं आयुष्यभर लाज वाटली, पण त्या सकाळी तिच्या घरात नको म्हणण्याइतकं काही शिल्लक नव्हतं.

युसूफ वडगावला पोचायला दिवस मावळला. विहीण ओट्यावर बसली होती. तिनं गीताला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पोरीच्या अंगावरच्या चिंधीकडे पाहिलं आणि लुगडं कुठं हाय, एवढंच विचारलं. बायना म्हणाली की वेच्याची मजुरी कडत्यात गेली. विहीण हसली नाही, चिडलीही नाही. दुसऱ्या बायकोची बोलणी झाली होती, पुढच्या महिन्यात लग्न होतं. पण घरात दोन हात वाढले तर तिला चालणार होते.

"वेचता येतं ना हिला?" ती म्हणाली. "मंग ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं अजून दोन वेचे हायेत. उद्यापासून कामाला घालते. मजुरी माझ्याकडं येईल, अन् कडता पडला तर तेवढी भाकर कमी."

गीता पोरीला घेऊन वाकून दारातून आत शिरली. बायनाला वाटलं हाक मारावी, म्हणावं चल परत, उपाशी मरू पण दोघी मिळून मरू. तिनं ओट्यावर एक पाय टाकलासुद्धा. मग आतून पोरीचं बारीक रडणं ऐकू आलं आणि कुणीतरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

ती उंबऱ्याशी गेली आणि अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "गीते, बघून वेच बाई."

विहीण ओट्यावरून उठून आत गेली. तिनं दार लोटून घेतलं.