बाबांचा परिच्छेद

गाईड मॅडमनी तिच्या प्रबंधातलं पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण तिच्यापुढे सरकवलं. "अगं, ही काय हजेरी घेतेस? हे असं म्हणतात, ते तसं म्हणतात. कोण कोणाच्या बाजूचं, ते सांग. मुद्द्यांप्रमाणे गट पाड."

ती वाचनालयात जाऊन बसली. कादंबरीतल्या विधवांचं मौन हा तिचा विषय. काही समीक्षकांना ते मौन शरणागती वाटतं, काहींना प्रतिकार. गट जमत गेले आणि शेवटी उरले बाबा. गेल्याच महिन्यात ते गेले. आयुष्यभरात त्यांचा एकच लेख छापून आला होता, तोही याच विषयावर. जुन्या मसुद्यात तिने त्यांना स्वतंत्र परिच्छेद दिला होता. आता लेख पुन्हा वाचला, तर तो सरळ शरणागतीवाल्यांत बसत होता. तिचा प्रबंध नेमका तोच गट खोडून काढणार होता.

"मॅडम, बाबांना वेगळं ठेवलं तर?" तिने फोनवर विचारलं.

"त्यांचा मुद्दा वेगळा आहे?"

"नाही."

"बाळा, वगळलंस तरी चालेल. कोणी विचारणार नाही."

तेच तिला जास्त झोंबलं. शरणागती मानणाऱ्यांच्या वाक्यात, तीन आडनावांच्या शेजारी, तिने स्वतःचंच आडनाव टाईप केलं आणि पुढचं वाक्य ‘मात्र’ने सुरू केलं.