नियम सगळ्यांना सारखा

निवड: सरावाला येईल तीच खेळेल. नियम सगळ्यांना सारखा.

चौदा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल टीम हातात देण्याआधी क्लबच्या सेक्रेटरीने नव्या कोचला बजावलं होतं, तू कशाला मानतोस ते पानभर लिही, पालकांसमोर वाचायचंय. आधीचा कोच चूक झाली की मुलींना धाप लागेपर्यंत पळवायचा. म्हणून पुढचं लिहिताना याचा हात थांबलाच नाही.

शिस्त: पळणं ही शिक्षा नसेल. वागण्यावर बोलेन, मुलीवर नाही.

अभिप्राय: बाजूला घेऊन, एकटीला. काय जमलं, काय राहिलं, पुढे काय करायचं.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक आई शेजारणीला म्हणाली, "गोलकीपर घरचीच आहे म्हणे. बघू या की."

गोलकीपर त्याची पुतणी, आजारी भावाची मुलगी. टीममध्ये सगळे तिला भिंत म्हणत.

एक बचावपटू आजीच्या आजारपणामुळे सरावाला आली नाही. त्याने तिला खेळवलं आणि पानावर पेनाने भर घातली: खरी अडचण असेल तर सूट.

मग भावाची फुप्फुसं आणखी बिघडली. वहिनीची संध्याकाळची ड्युटी, त्यामुळे बापाच्या उशाशी भिंत बसू लागली. सराव बुडाले. हे कोचला माहीत होतं. तोच तिला दवाखान्यात सोडत होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. डॉक्टरांनी भावाला तासाभरासाठी बाहेर न्यायला परवानगी दिली होती.

"भाऊजी, तिला खेळवाल ना? पुन्हा जमेलसं वाटत नाही."

तो म्हणाला, बघतो. मागे बसलेली ती आई त्याच्या डोक्यातून जात नव्हती.

यादीत भिंतीचं नाव राखीवमध्ये होतं.

कुंपणापलीकडे गाडी उभी. काच खाली, आत नाकाला नळी लावलेला भाऊ. दुसऱ्या मुलीने तीन गोल खाल्ले. भिंत बाकावर हातमोजे घालूनच बसलेली. शेवटची शिट्टी वाजण्याआधीच काच वर गेली.

सामन्यानंतर त्याने तिला बाजूला घेतलं, एकटीला, पानावर लिहिल्याप्रमाणे. बाकावरूनही तू टीमला धीर दिलास, म्हणाला. सराव बुडाले. पुढच्या आठवड्यापासून...

"काका, दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर?"



तिने हातमोजे त्याच्या हातात दिले. आतून कोरडे होते.

भाऊ पुन्हा मैदानावर आला नाही. दिवसकार्य उरकल्यावर कोचने ते पान काढलं, वरचं वाक्य खोडलं.

निवड: कारण विचारेन आणि सूट देईन. घरच्या मुलीलाही. लोक काय म्हणतील म्हणून कुणाला बाहेर बसवणार नाही.

सेक्रेटरीने वाचलं, छान झालंय म्हणाला, आणि विचारलं, गोलकीपर म्हणून कोणाला घेतोयस?

"शोधतोय," कोच म्हणाला.